शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कुठल्या पातेल्यातलं?

"दादा, सँपल एक नंबर आलंय. टाकून देऊ का दोन हजार नगांची ऑर्डर?"

फोन मावसभावाचा. त्याचं जालन्याच्या मोंढ्यात शेती अवजारांचं दुकान आहे. मोसंबीची सल काढायला, डाळिंबाच्या छाटणीला आणि आता तुतीच्या फांद्या कापायलाही आपल्याकडे सिकेटर लागतं. स्प्रिंगची, एका हातानं चालणारी ती छाटणीची कात्री. भाऊ ती मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचा. मग मोबाइलवर 'चीनमधून थेट माल मागवा' असे व्हिडिओ बघून त्यानं अलिबाबावर चौकशी केली, आयात-निर्यात कोड काढला आणि एक नग मागवला. कोड मिळवणं सोपं असतं. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या संकेतस्थळावर पॅन कार्डावर तो मिळतो, फी ५०० रुपये. अवघड भाग पुढचा आहे, आणि त्याबद्दल व्हिडिओवाले फारसं बोलत नाहीत.

मी वाळूजच्या एका कारखान्यात अकरा वर्षं क्वालिटी विभागात काढली, म्हणून त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, थांब. तुझ्याकडे एक सिकेटर आहे आणि तू दोन हजारांबद्दल बोलतोयस.

नमुना नेमकं काय सांगतो?

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरंही आहे, कारण शीत त्याच पातेल्यातलं असतं. सँपल मागवताना मात्र तुमचा भात अजून शिजायला पडलेलाच नसतो. शीत येतं ते दुसऱ्याच पातेल्यातून.

पहिल्यांदा येतो तो बहुतेक वेळा शोरूममधला किंवा आधीच्या एखाद्या ऑर्डरमधून उरलेला तयार नग. पाठवणारा तो निवडून, पुसून पाठवतो. कधी समोरचा कारखानदार नसतोच, तो व्यापारी असतो. नमुना एका कारखान्यातून उचलतो आणि भाव पटला नाही तर माल दुसऱ्याकडून करून घेतो. यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. त्यांच्या धंद्याची तीच पद्धत आहे.

म्हणजे पहिला नमुना एवढंच सांगतो की अशी वस्तू त्यांच्याकडे आहे. आपल्या ऑर्डरची प्रत्येक वस्तू अशीच बनेल हे त्यातून कळत नाही. ते कळायला आणखी दोन पायऱ्या लागतात. एक, आपल्या अटींनुसार बनवलेला दुसरा नमुना मंजूर करून सीलबंद ठेवायचा. दोन, माल तयार झाल्यावर पण कारखान्यातून निघण्याआधी, त्याच मालातून नग उचलून त्या नमुन्याशी ताडून बघायचे. या दोन्ही पायऱ्या कशा चढायच्या ते भावाच्याच ऑर्डरवरून सांगतो.

सिकेटर तोडून बघायचं असतं

मी त्याला तीन विक्रेत्यांकडून प्रत्येकी पाच नग मागवायला लावले. तो कुरकुरला. नगाचा घाऊक भाव २ डॉलरच्या आसपास, पण नमुन्याला हे लोक जास्त पैसे लावतात आणि कुरिअरचं भाडं मालापेक्षा महाग पडतं. अनेक विक्रेते मोठ्या ऑर्डरमध्ये नमुन्याचे पैसे वळते करतात, पण ते आधी लिहून घ्यावं लागतं. पाचच नग का, तर एक तोडायला, एक गंजवायला, एक शेतात वापरायला आणि दोन जपून ठेवायला. एकच नग असला की माणूस त्याला जपतो, आणि जपलेल्या वस्तूची परीक्षा होत नाही.

सगळ्यात आधी किराण्याच्या काट्यावर वजन केलं. एकाचे पाचही नग दोन-तीन ग्रॅमच्या फरकात होते. दुसऱ्याचे २२५ ग्रॅमपासून २४८ ग्रॅमपर्यंत. हातात दोन्ही सारखेच छान वाटत होते. एवढा फरक म्हणजे मुठीचं ओतकाम किंवा पात्याची जाडी नगागणिक बदलतेय. पाचांत ही गत, तर दोन हजारांत काय होईल याचा अंदाज येतो. तो विक्रेता तिथंच बाद झाला.

मग पातं. जाहिरातीत लिहिलेलं असतं 'एसके-५ पोलाद'. हे जपानी मानकातलं जुनं नाव आहे, साधारण ०.८ ते ०.९ टक्के कार्बन असलेलं पोलाद. पण पोलाद चांगलं असून भागत नाही, त्याला पाणी नीट बसावं लागतं. आपला लोहार विळ्याला पाणी देतो तसंच. पातं लाल करून तेलात विझवायचं, म्हणजे ते कडक होतं पण ठिसूळही. मग पुन्हा हलक्या आचेवर तापवून ठिसूळपणा उतरवायचा. पाणी कमी बसलं की धार वळते, आठ दिवसांत कात्री फांदी कापायऐवजी चेंगरायला लागते. जास्त बसलं की वाळक्या सलीवर पात्याचा टवका उडतो.

हा कडकपणा मोजायला रॉकवेल नावाचं यंत्र असतं. हिऱ्याचं टोक ठरावीक दाबानं धातूत किती रुततं ते ते आकड्यात सांगतं. छाटणीच्या पात्याला साधारण ५४ ते ५८ आकडा हवा. जालना म्हणजे सळई गिरण्यांचं गाव आणि वाळूज-चिकलठाण्याला उष्णता प्रक्रियेची वर्कशॉप आहेत, त्यामुळे असं यंत्र आपल्याकडे शोधायला लांब जावं लागत नाही. उरलेल्या दोन विक्रेत्यांच्या पात्यांवर आम्ही टोक टेकवलं. एकाची ५५, ५६, ५५ अशी आली. दुसऱ्याची ४८ आणि ४९.

यंत्र नसेल तर नवी कानस घ्या. पात्याच्या मागच्या बाजूवर, धारेजवळ, हलकेच एकदा ओढा. मऊ पात्यावर ती चटकन धरते आणि लोखंडाचा भुगा निघतो. कडक पात्यावर जरा घसरते. शेजारी आपल्या माहितीतलं चांगलं सिकेटर ठेवून दोन्हीवर ओढली की फरक बोटांना कळतो. लोहचुंबकानं मात्र काही कळत नाही. मऊ-कडक दोन्ही पोलादं चुंबकाला चिकटतात.

बाकीच्या परीक्षा घरच्याच. एक नग उघडून अर्धी मोसंबी त्याच्यावर पिळली आणि रात्रभर ठेवला. आपल्याकडे कात्रीवर रस लागणारच आहे, मग कोरड्या कपाटात बघून काय उपयोग? एक नग बागेत काम करणाऱ्या माणसाला दिला. करंगळीएवढ्या वाळक्या फांद्या, तीनशे काप. त्यानंतर वर्तमानपत्राचा कागद त्याच पात्यानं कापला. सरळ कापला गेला तर धार टिकली, दुमडून फाटला तर वळली. मधला नट ढिला झाला का, कुलूपाची खिट्टी आपोआप बसते का, स्प्रिंग निसटते का, हेही त्यानंच सांगितलं. त्याची एक तक्रार आम्हाला सुचलीच नसती. घामेजल्या हातात मुठीवरचं लाल प्लास्टिक गोल फिरत होतं.

सीलबंद नमुना

तिसरा विक्रेता ठरला. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या यांगजियांगचा. सुऱ्या-कात्र्यांसाठी हे गाव प्रसिद्धच आहे. आता दुसरा नमुना मागवला, यावेळी आपल्या अटींवर. मुठीचं प्लास्टिक चिकटवलेलं, पात्याचा कडकपणा ५४ ते ५७, वजन २३५ ग्रॅम आणि त्याच्या पाच ग्रॅम इकडे-तिकडे, स्प्रिंग ठरवून दिलेल्या मापाची. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि सगळ्या करांसह एमआरपी. हा छापील मजकूर वजनमापे कायद्याच्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांत येतो. तो नमुन्याच्या खोक्यावरच बघून घ्यायचा, नाहीतर बंदरात माल अडकवून लेबलं चिकटवत बसावं लागतं. याच टप्प्यावर सीमाशुल्काच्या दलालाला वस्तूचा वर्गीकरण क्रमांक, शुल्क आणि भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे का, हे विचारून घ्यायचं. सक्तीच्या वस्तूंची यादी बदलत असते. सक्ती असेल आणि शिक्का नसेल तर नमुना कितीही देखणा असला तरी माल सुटत नाही.

हा दुसरा नमुना पटला, तेव्हा तसलेच तीन नग घेतले. प्रत्येक नग पिशवीत घालून तोंडावर सही केलेली चिकटपट्टी लावली, तारीख टाकली, फोटो काढले. एक भावाकडे, एक कारखान्यात, एक तपासणाऱ्याला द्यायला. ऑर्डरच्या कागदात वाक्य गेलं: 'माल सीलबंद नमुन्याप्रमाणे व सोबतच्या मापांप्रमाणे असेल'. हे वाक्य नसेल तर उद्या भांडणात 'चांगल्या दर्जाचं' याचा अर्थ ज्याला हवा तसा लावता येतो.

पण दोन हजार नग कोण तपासणार?

सगळे तपासायचे नसतात. मोंढ्यात अडत्या सोयाबीनच्या ढिगाचं काय करतो? टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसतो आणि दाणे तळहातावर घेतो. समोर मांडलेल्या पोत्यात खुपसत नाही, मधल्या थरातलं पोतं ओढायला लावतो. क्रेटमधल्या टोमॅटोची वरची ओळ बघून भाव करणारा ग्राहक आपण सगळ्यांनी पाहिलाय.

कारखान्यातल्या तपासणीला यासाठी तयार तक्ते आहेत. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २८५९-१, आणि आपल्याकडचं त्याच्याशी जुळणारं आयएस २५००. नेहमीच्या पातळीवर १२०१ ते ३२०० नगांच्या मालातून १२५ नग उचलायचे, असं तक्ता सांगतो. किती खराब निघाले तर चालेल, हे 'एक्यूएल' नावाच्या आकड्यावरून ठरतं. एक्यूएल म्हणजे चालवून घेण्याजोग्या दोषाची पातळी. मोठ्या दोषाला २.५ आणि बारीक दोषाला ४ धरण्याची रीत आहे. तक्त्यात बघितलं की १२५ पैकी ७ पर्यंत मोठे दोष चालतात, आठवा निघाला की माल नापास. बारीक दोष १० पर्यंत. माणसाला इजा होईल असा दोष शून्य.

कुठला दोष मोठा आणि कुठला बारीक, हे मात्र तक्ता सांगत नाही. ते आपण लिहून द्यायचं. आम्ही असं लिहिलं: काम करताना पातं तुटलं किंवा बंद खिट्टी आपोआप सुटली तर इजेचा दोष. स्प्रिंग निसटली, मूठ फिरली, कडकपणा मापाबाहेर गेला तर मोठा. रंगाचा ओरखडा, खोक्याची चुरगळ बारीक. कडकपणा मोजताना पात्यावर खूण उमटते, म्हणून तो १२५ नगांवर न मोजता ८ नगांवर मोजायचा, आणि त्यात एकही मापाबाहेर चालणार नाही असं ठरवलं.

ही तपासणी करणाऱ्या कंपन्या चीनमध्ये ठिकठिकाणी आहेत, आंतरराष्ट्रीयही आणि स्थानिकही. एका माणसाच्या एका दिवसाला साधारण २०० ते ३०० डॉलर घेतात. विक्रेत्याने सुचवलेला तपासनीस घेऊ नका. विकणाऱ्याच्याच हमालाकडून माल पारखून घेण्यासारखं ते होईल. आणि बोलवायचं कधी? सगळा माल बनलेला आणि निदान ८० टक्के खोक्यांत भरलेला असेल तेव्हा. आधी गेला तर उरलेला माल कसा बनला ते कळत नाही, गाडी भरल्यावर गेला तर कुणी ऐकत नाही.

भावाच्या मालाचं काय झालं

भाव २.१० डॉलर, २००० नग, एकूण ४२०० डॉलर. आगाऊ ३० टक्के म्हणजे १२६० डॉलर दिले. उरलेले २९४० तपासणी पास झाल्यावर, माल निघण्याआधी. आपली सगळी ताकद या २९४० मध्ये असते. पैसे देऊन झाल्यावर तपासणी केली तर हातात फक्त एक वाचनीय अहवाल उरतो. हे पैसे प्लॅटफॉर्मच्या खात्यातूनच गेले पाहिजेत. 'थेट आमच्या खात्यात टाका, दोन टक्के सूट' असं म्हणणारा भेटतोच. ती सूट घेतली की प्लॅटफॉर्मचं संरक्षण संपलं.

माल ४० मोठ्या खोक्यांत होता. तपासनिसानं स्वतः बोट दाखवून सात खोकी काढली, दोन मागच्या भिंतीलगतची. १२५ नग बाहेर आले. संध्याकाळी फोटोंसकट अहवाल आला. स्प्रिंग निसटणारे सहा आणि मूठ फिरणारे तीन, म्हणजे मोठे दोष नऊ. कडकपणाच्या आठ नगांपैकी तीन ४४ ते ४६ वर. नापास.

भाऊ घाबरला. "दादा, नऊच तर आहेत ना सव्वाशेत?" मी म्हटलं, स्प्रिंगचं सोड, कडकपणा बघ. तीन मऊ पाती एकाच खोक्यातली होती. याचा अर्थ भट्टीतून पाती खेपेखेपेनं निघतात आणि त्यातल्या एका खेपेला पाणी बसलेलं नाही. बाहेरून काही दिसत नाही, चकाकी तीच. शेतकऱ्याला आठवड्यानं कळलं असतं आणि तो दुकानात कात्री आपटून गेला असता.

कारखान्यानं आधी टाळाटाळ केली, मग 'पुढच्या ऑर्डरला सूट देतो' म्हणाले. भाऊ एकाच वाक्यावर ठाम राहिला: सीलबंद नमुन्याप्रमाणे द्या, बाकीचे पैसे तयार आहेत. मऊ खेपेची पाती बदलली गेली, स्प्रिंगा बदलल्या, बारा दिवस गेले. फेरतपासणीचा खर्च कारखान्याचा, हे आम्ही आधीच लिहून घेतलं होतं. दुसऱ्यांदा नव्यानं १२५ नग काढले, मोठे दोष तीन, कडकपणा आठही नगांचा मापात. पैसे गेले, माल न्हावा शेव्याला लागला.

पहिल्या तपासणीला २८० डॉलर लागले. नगामागे १४ सेंट, बारा रुपयांच्या आसपास.

पास झालं म्हणजे माल बिनदोष?

नाही. इथं बरेच जण फसतात. एक्यूएल २.५ म्हणजे 'अडीच टक्क्यांहून जास्त खराब येणार नाही' अशी हमी नव्हे. समजा दोन हजारांत खरोखरच ५ टक्के नग खराब आहेत. त्यातून १२५ उचलले, तर सरासरी सहा-सात खराब हाताला लागतील, आणि आपली मर्यादा सात आहे. गणित केलं तर असा माल शंभरातून साधारण सत्तर वेळा पास होतो. खराबी १० टक्के असेल तर मात्र शंभरात सहाएक वेळाच निसटतो. म्हणजे ही चाळणी मोठे खडे अडवते, बारीक खडे काही प्रमाणात खाली पडतातच. भावानं विक्रीच्या भावात तीन टक्के नग बदलून देण्याची तजवीज ठेवली, ती याचसाठी.

'व्हिडिओ कॉलवर बघून घेतो की'

बघा, जरूर बघा. कारखाना आहे की नुसतं ऑफिस, एवढं त्यावरून कळतं. पण कॅमेरा कुठं फिरवायचा ते समोरचा ठरवतो, आणि ४५ चं पातं आणि ५५ चं पातं पडद्यावर सारखंच चमकतं. विक्रेत्याच्या नावापुढच्या बिल्ल्यांचंही तेच. काही बिल्ले पैसे भरून घेतलेल्या सदस्यत्वाचे असतात, काही कंपनीची कागदपत्रं पडताळल्याचे. तुमच्या खोक्यातला माल त्यातल्या कुणीच पाहिलेला नसतो.

'माल आल्यावर तपासू, तक्रार करू'

तक्रारीची सोय आहे, पण तिला मुदत असते आणि पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. तोवर तुम्ही जहाजाचं भाडं, सीमाशुल्क, बंदराचे आकार आणि जालन्यापर्यंतचा ट्रक, सगळं भरलेलं असतं. दोन डॉलरची वस्तू परत पाठवणं कुणालाच परवडत नाही, हे विक्रेत्यालाही ठाऊक असतं. म्हणून तो पाच-दहा टक्के परत देऊन मिटवायला बघतो. तरी आल्यावर खोकी उघडताना व्हिडिओ काढाच. सील तुटण्याआधीपासून, मध्ये न थांबवता.

'माझी ऑर्डरच दोनशे नगांची आहे'

मग २८० डॉलरची तपासणी अंगावर येते, हे खरं. दोनशे नगांच्या मालातून तक्ता ३२ नग काढायला सांगतो, तेवढ्यासाठी माणूस पाठवणं जड जातं. अशा वेळी ही ऑर्डरच नमुना समजायची. बुडाली तर सोसेल एवढीच रक्कम लावायची. माल आला की डोळे मिटून ३२ नग वेगवेगळ्या खोक्यांतून काढायचे, सगळ्यांचं वजन, आठांवर कानस, एकाला मोसंबी. निकाल कागदावर लिहून विक्रेत्याला पाठवायचा आणि पुढच्या मोठ्या ऑर्डरला तोच कागद जोडायचा.

भाऊ आता पुढची ऑर्डर तीन हजारांची करतोय. तक्त्यात ती त्याच रांगेत बसते, नग १२५ च काढायचे. विक्रेत्यानं परवा कळवलं की जुनी मूठ बंद झाली, नवी जास्त चांगली आहे, भाव तोच. भावानं मला फोन केला नाही. त्यानं परस्पर पाच नग मागवलेत, आणि जुना सीलबंद नमुना कपाटातून काढून टेबलावर ठेवलाय.